सोलापुरातल्या छोट्या अपार्टमेंटची देखभाल: वेळापत्रक हौदापासून लावा

दरवर्षी मे महिन्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता फिरतो. गच्चीची पन्हाळी साफ करा, मीटर बॉक्स झाका, टाकी धुवा, पेस्ट कंट्रोल करा, आणि हे सगळं जूनच्या आधी. तक्ता चुकीचा नाही, पण तो मुंबई-पुण्याकडचा आहे. तिथे जूनमध्ये पाऊस धरतो आणि नळाला रोज पाणी असतं. सोलापुरात मीटर बॉक्सवर पहिलं पाणी वळवाच्या पावसाचं पडतं, तेही एप्रिल-मेमध्ये, आडव्या वाऱ्यासकट. वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस आपल्याकडे सप्टेंबरमध्ये होतो. आणि शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. किती दिवसांआड येतं ते भागागणिक आणि वर्षागणिक बदलतं, पण 'आपल्याकडे पाळी कधी?' हा प्रश्न सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही.

या शेवटच्या गोष्टीमुळे इथल्या इमारतीचं सगळं गणित बदलतं. पाणी साठवावं लागतं म्हणून हौद मोठा. हौद मोठा म्हणून मोटर रोज चालते, म्हणजे वायरिंगवर ताण. पाणी दिवसेंदिवस उभं राहतं म्हणून डास. इथल्या काळ्या मातीत जमीन फुगते आणि आकसते म्हणून हौदाला चिरा. प्लंबर, वायरमन आणि पेस्ट कंट्रोलवाला यांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं तरी तिघांचं काम शेवटी त्या जमिनीखालच्या हौदापाशीच येतं. म्हणून वेळापत्रकही हौदापासूनच लावलेलं बरं.

उदाहरणाला एक इमारत घेऊ. जुळे सोलापूरकडे अशा पुष्कळ आहेत: खाली पार्किंग, वर तीन मजले, 12 फ्लॅट, साधारण 48 माणसं. माणशी दिवसाला 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड धरला तर इमारतीला रोज सुमारे 6,500 लिटर लागतात. पाणी दर चौथ्या दिवशी येतं असं समजा. म्हणजे एका पाळीला 26,000 लिटर साठले पाहिजेत. हौद चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दोन मीटर खोल, म्हणजे 20,000 लिटरचा. गच्चीवरच्या टाक्या मिळून 8,000 लिटर. बेरीज जेमतेम जमते. एका दिवसाची गळतीसुद्धा चौथ्या दिवशी टँकर बोलवायला लावते.

शिवरात्र ते पाडवा: वर्षातलं मोठं काम

हौद धुवायचा तो फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये, मे महिन्यात नव्हे. मेमध्ये एक बादली वाया घालवायची कुणाची तयारी नसते, पाळीही लांबते, आणि घाईत धुतलेला हौद हा न धुतलेल्यासारखाच. दुसरी धुलाई ऑक्टोबरअखेर, कारण पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ असतं आणि त्यातला बारीक गाळ हौदाच्या तळाशी बसलेला असतो.

दिवस निवडायचा तो पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवसाचा. समजा गुरुवारी पहाटे पाणी येतं. बुधवारी सकाळी मोटर लावून हौदातलं वरचं स्वच्छ पाणी गच्चीच्या टाक्यांत चढवून घ्यायचं. टाक्या भरल्या की सव्वा दिवसाची सोय झाली. मोटरच्या पाईपाच्या खालच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून वीतभर वर बसवलेला असतो, त्यामुळे हौदात 15 सेंटीमीटरच्या आसपास पाणी उरेल. आपल्या हौदात एक सेंटीमीटर म्हणजे 100 लिटर, तेव्हा हे 1,500 लिटर झाले. तळ घासायला हेच पाणी वापरायचं.

माणूस आत उतरण्याआधीची तयारी मात्र नीट करा. मोटरचा एमसीबी खाली पाडून तिथे कागद चिकटवा, 'हौदात माणूस आहे'. त्या काळात कोणी 'पाणी नाही' म्हणून बटण दाबेल, हे धरूनच चालायचं. झाकण किमान दोन तास आधी उघडं ठेवा, शक्य असेल तर टेबलफॅन बाहेर ठेवून वारा आत सोडा. बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते वासावरून कळत नाही. आत एक माणूस उतरला तर वर दोघे हवेत, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे कुणी धावत उतरायचं नाही, दोरानेच ओढून काढायचं. अशा अपघातांत दुसरा बळी बहुतेक वेळा वाचवायला गेलेल्याचाच असतो. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप हौदात उतरवू नका, त्याच्या धुराने माणूस मरतो. उजेडाला बॅटरी वापरा. वायरीला लटकवलेला बल्ब ओल्या हौदात नको.

घासताना बहुतेक जण तळावर जोर देतात. खरा जोर लागतो तो भिंतीवरच्या पट्ट्याला, जिथे पाण्याची पातळी रोज वरखाली होते. डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्यात घालत नाही, तो पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओल्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा त्या उंचीला चढलं की फुटतात. म्हणून हौद नुसता रिकामा करून पुन्हा भरला तर डासांचं काही बिघडत नाही. नायलॉनच्या ब्रशने तो पट्टा घासून, खाली पडलेलं पाणी गाळासकट बाहेर काढलं तरच उपयोग. तारेचा ब्रश नको, वॉटरप्रूफिंगचा थर निघतो. ॲसिडही नको. आणि ॲसिड वापरलेल्या जागी लगेच ब्लिचिंग पावडर तर कधीच नको, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

निर्जंतुक करण्याची जी रीत पुस्तकात असते, टाकी भरून त्यात भरपूर क्लोरीन घाला आणि मग सगळं पाणी सोडून द्या, ती आपल्या गावाला परवडणारी नाही. कमी पाण्याची रीत अशी: 20 लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत 16 ग्रॅम ब्लिचिंग पावडर. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो, पण सोलापूरच्या उन्हात पडून राहिलेल्या पिशवीत तेवढा उरत नाही, म्हणून 25 टक्के धरायचा. म्हणजे 16 ग्रॅममध्ये 4 ग्रॅम क्लोरीन, 20 लिटरला वाटून लिटरमागे 200 मिलिग्रॅम. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. आपल्या हौदाच्या भिंती आणि तळ मिळून 36 चौरस मीटर होतात, त्याला एक बादली पुरते. हातमोजे घालून, डोळे सांभाळून हे पाणी ब्रशने किंवा फवारणीच्या पंपाने वरून खाली लावत यायचं आणि ताबडतोब बाहेर पडायचं. आत थांबण्याइतका तो वास साधा नसतो. अर्ध्या तासाने शंभर-दोनशे लिटर पाण्याने भिंती धुऊन ते पाणी बाहेर टाकायचं.

गुरुवारी पहाटे नळ आला की पहिली दहा मिनिटं पाणी हौदात घेऊ नका. मधले दिवस रस्त्याखालचा पाईप रिकामा असतो. रिकाम्या पाईपात सैल सांध्यांतून आजूबाजूचं घाण पाणी शिरतं आणि पहिल्या लोंढ्याबरोबर ते तुमच्याकडे येतं. यासाठी बॉलकॉकच्या अलीकडे एक टी बसवून बाजूला नळ काढायचा, वॉचमनने पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तो झाडांना सोडायचा. अर्ध्या दिवसाचं प्लंबिंगचं काम आहे, आणि माझ्या मते छोट्या इमारतीने करण्याजोगं सर्वांत स्वस्त काम. याच कारणासाठी थेट नळाच्या लाईनला मोटर लावू नये. मोटर पाण्याबरोबर शेजारच्या गटारातलंही ओढते. तुमचा जोड गटारातून गेलेला असेल तर तो आधी बदलून घ्या, बाकीचं नंतर.

गच्चीच्या टाक्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत वापरून संपतात. शुक्रवारी सकाळी त्या धुवायच्या आणि धुतलेल्या हौदातून भरायच्या. क्रम उलटा केला, म्हणजे आधी वरच्या टाक्या आणि मग हौद, तर खालचा गाळ पुन्हा वर जातो. टाकी सफाईची काही मंडळी वरची टाकी आधी धुतात, कारण त्यांना सोयीचं पडतं. त्यांना सांगावं लागतं.

नळाचं पाणी पालिकेने क्लोरीन घालूनच सोडलेलं असतं, पण हौदात तीन-चार दिवस उभं राहिल्यावर, त्यातही उन्हाळ्यात, तो क्लोरीन उडून जातो. औषधाच्या दुकानात किंवा पाणी तपासणीच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा थेंबांचा क्लोरीन टेस्टर घ्या. सगळ्यात लांबच्या फ्लॅटच्या नळाचं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो सोबतच्या रंगपट्टीशी जुळवायचा. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम दिसायला हवं. काहीच रंग आला नाही तर हौद भरलेला असताना लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन घालायचा: 20,000 लिटरला 20 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 25 टक्क्यांची 80 ग्रॅम पावडर. निवळ पाणी ओतल्यावर अर्धा तास मोटर लावायची नाही. हौद अर्धाच असेल तर पावडरही अर्धीच.

हौद गळतो की पितो

मार्चची धुलाई झाली की लगेच एक परीक्षा घ्या. काळी माती उन्हाळ्यात आकसते, जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि तिच्यात पुरलेले हौद, चेंबर, पाईप सगळे थोडे थोडे हलतात. पाऊस पडला की तीच माती फुगते आणि उलट दिशेने ढकलते. बांधकामाला तडा जातो तो या ये-जा करण्याने.

पाळी नसलेल्या दिवशी रात्री दहाला मोटर बंद, बोअरची लाईन बंद, नळाची चावी बंद. हौदात काठी घालून पाण्याची पातळी खूण करा. सकाळी सहाला पुन्हा बघा. बंद हौदातून वाफ होऊन जाण्याचं प्रमाण नगण्य असतं, त्यामुळे पातळी जिथल्या तिथे असायला हवी. दोन सेंटीमीटर उतरली असेल तर आठ तासांत 200 लिटर गेले. दिवसाला 600, चार दिवसांच्या पाळीत साधारण 2,400. आपल्या इमारतीच्या एका दिवसाच्या गरजेच्या हे एक तृतीयांशाहून जास्त आहे. पाणी कुठे जातं ते शोधायलाही हीच काठी उपयोगी पडते: पातळी एका उंचीपर्यंत उतरून तिथे थांबली तर चीर त्या उंचीवर आहे. तळापर्यंत उतरत राहिली तर तळाचा कोपरा किंवा पाईप जिथून भिंतीत शिरतो ती जागा बघा.

हीच परीक्षा सप्टेंबरमध्ये, दोन-चार मोठे पाऊस होऊन गेल्यावर, पुन्हा घ्यायची. या वेळी भीती उलटी असते. सकाळी पातळी वाढलेली दिसली तर बाहेरचं पाणी आत येतंय. ज्या चिरेतून मार्चमध्ये पाणी बाहेर जात होतं तिथूनच आता ओल्या मातीतलं पाणी आत शिरतं, आणि जवळ ड्रेनेजचं चेंबर किंवा सेप्टिक टँक असेल तर ते साधं पाणी नसतं. अशा वेळी हौदाचं पाणी पिणं त्या दिवसापासून बंद. चेंबरमध्ये एक बादली पाण्यात खाण्याचा गडद रंग कालवून ओततात आणि दोन दिवस हौदाकडे बघतात. हौदाच्या पाण्यात रंग दिसला की शंका उरत नाही. पण रंग दिसला नाही म्हणून हौद निर्दोष ठरत नाही, माती पुष्कळदा रंग गाळून घेते. जिवाणूंसाठी एच-टू-एस बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाणी दूषित.

ही दुसरी परीक्षा जवळजवळ कुणीच घेत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की आरडाओरड होते. सप्टेंबरमध्ये हौद भरलेला दिसतो म्हणून सगळे खूश असतात.

ऊन वाढण्याआधी वायरिंग

मार्चमध्येच वायरमनला बोलवा, पण सकाळी नव्हे. एप्रिल लागून कुलर-एसी सुरू झाले की एकदा रात्री नऊ-दहाला पुन्हा बोलवा. सकाळी मीटर बोर्ड थंड असतो, तेव्हा सैल सांधा ओळखू येत नाही. दहा वर्षांपूर्वी या इमारतीत दोन एसी असतील, आज आठ-नऊ असतात, आणि खालून येणारी मुख्य केबल तीच आहे. दीड टनाचा एक एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो. सगळे एकदम चालले की सांधे तापतात. त्यातही ॲल्युमिनियमची केबल थेट तांब्याच्या पट्टीला जोडली असेल तर तापून-थंडावून तो सांधा सैल होत जातो. तिथे दोन्ही धातूंना जोडणारा बायमेटलचा लग हवा.

ताप आल्यावर कपाळाला लावायच्या त्या बंदुकीसारखा, पण वायरिंगसाठी बनवलेला थर्मामीटर वायरमनकडे असतो. त्याने मीटर बोर्डवरच्या सगळ्या केबलींचं तापमान घ्यायचं, पण चकचकीत धातूवर नाही तर इन्सुलेशनवर. चकचकीत पृष्ठभागावर तो आकडा कमी दाखवतो. एकाच भाराच्या तीन केबलींत एक बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंशांनी गरम निघाली तर तिचा सांधा उघडून कसायचा. मीटरच्या आधीचं, सील लावलेलं काहीही वायरमनने उघडायचं नाही, ते महावितरणचं. तक्रार 1912 वर.

सगळ्या सांध्यांत धोक्याचा सांधा न्यूट्रलचा. इमारतीला थ्री फेज पुरवठा असतो आणि फ्लॅट तीन फेजांवर वाटलेले असतात. सामाईक न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर काही फ्लॅटना 230 ऐवजी 300-350 व्होल्ट आणि काहींना शंभरच्या आसपास मिळू लागतात. लक्षण अगदी स्पष्ट असतं: एका घरात दिवे झळझळीत, त्याच वेळी दुसऱ्या घरात मिणमिणते. हे दिसल्यावर चौकशी करत बसू नका, खाली जाऊन मेन स्विच पाडा. दहा मिनिटांत टीव्ही, फ्रिज, एसीचे बोर्ड जातात.

मग अर्थिंग. मे महिन्यात कोरड्या पडलेल्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणजे मोटरच्या बॉडीला करंट आला तरी तो जमिनीत नीट उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला एक बादली पाणी टाकायचं. हौदाच्या धुण्याचं पाणी, आंघोळीचं पाणी, काहीही चालतं. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. पाच ओहमच्या आत असलेला बरा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आरसीसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच; त्यावरचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, असं नाही. ते बटण फक्त आरसीसीबी स्वतः चालतो का हे सांगतं, अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही तो पडतो. बटण तीन महिन्यांतून एकदा दाबा, अर्थिंग वेगळं मोजा.

मीटर बोर्डवरचं पत्र्याचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छप्पर पाडव्याच्या आत तपासा. वळवाचा पाऊस आडवा येतो, वरून झाकलेला बोर्ड बाजूने भिजतो. केबल बोर्डात शिरण्याआधी खाली एक वळसा घेऊन वर आलेली हवी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशीच गळून जातं.

कुलर: तिन्ही खात्यांचा सामाईक पाहुणा

सोलापूरच्या उन्हाळ्यात कुलर ही एकच वस्तू अशी आहे की तिच्यात प्लंबिंग, वायरिंग आणि डास एकत्र राहतात. पत्र्याच्या कुलरच्या तळातल्या पंपाची वायर कुरतडली गेली किंवा तिचं इन्सुलेशन गेलं की बॉडीला करंट येतो. तीन पिनांचा प्लग आणि त्यामागे खरं अर्थिंग नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तो लागतो. पाणी भरताना प्लग काढायचा, फक्त स्विच बंद करून भागत नाही.

डासाचं गणित असं: अंडं ते उडणारा डास यात उन्हाळ्यात आठ-दहा दिवस जातात. आठवड्यातून एकदा कुलर, बॅरल, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा पूर्ण रिकाम्या करून घासल्या, तर एकही पिढी पूर्ण होत नाही. कोरडा दिवस म्हणतात तो याचसाठी. आपल्याकडची अडचण अशी की पाणी दर चौथ्या दिवशी येत असल्यामुळे कुणी बॅरल रिकामं करत नाही, आहे त्यावरच भर घालतात. उपाय पाळीशी जुळवायचा: पाळीच्या आदल्या संध्याकाळी बॅरलमध्ये कमीतकमी पाणी असतं, तेव्हाच ते उपसून घासायचं. पाळी दर चौथ्या दिवशी असेल तर एकाआड एक पाळीला केलं तरी आठ दिवस होतात, तेव्हा अळ्या वेगाने वाढतात त्या महिन्यांत दर पाळीलाच केलेलं बरं. हौदाचं झाकण रबरी पट्टी लावून घट्ट, ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, सेप्टिक टँकच्या गॅस पाईपला नायलॉनची जाळी. ऑक्टोबरनंतर कुलर मागच्या बाल्कनीत ढकलला जातो. त्याच्या गवताच्या जाळ्या काढून टाकल्या नाहीत आणि तळ कोरडा केला नाही, तर परतीचा पाऊस त्यात साठतो.

मे, आणि मग सप्टेंबर

मेच्या शेवटी गच्चीची पन्हाळी आणि पावसाळी पाईपांची तोंडं साफ करायची, ड्रेनेजची चेंबर उघडून बघायची. चेंबर तुंबलं असेल तर सक्शनची गाडी बोलवा. सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस सफाईला उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पैसे देऊन कुणी तयार झाला म्हणून तो गुन्हा राहत नाही असं नाही. गच्चीवरचे उघडे पीव्हीसी पाईप उन्हाने ठिसूळ होतात. नखाने ओरखडून पांढरी पूड निघाली तर तो पाईप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही. उरलेल्यांना पांढरा रंग द्या.

गच्चीची हीच सफाई ऑगस्टच्या शेवटी पुन्हा करायची. मेची सफाई सप्टेंबरपर्यंत पुरत नाही. मधल्या काळात पतंग, पानं, कबुतरांची घाण तोंडाशी येऊन बसलेली असते, आणि मोठा पाऊस तर आता येणार असतो. गणपतीच्या आधी उरकलं तर माणसं मिळतात.

पेस्ट कंट्रोल कधी, आणि कुठे नाही

झुरळांसाठी मार्च आणि ऑक्टोबर. घरात जेल लावणार असाल तर त्याच दिवशी फवारणी करू देऊ नका. फवाऱ्याच्या वासाने झुरळं जेलपासून लांब राहतात आणि दोन्हीचे पैसे वाया जातात. फवारणी फक्त चेंबरमध्ये, जेल फक्त स्वयंपाकघरात. रिकामे फ्लॅट विसरू नका. मुलं पुण्याला नोकरीला, आई-वडील त्यांच्याकडे, आणि फ्लॅट सहा महिने कुलूपबंद, असं प्रत्येक इमारतीत एक तरी घर असतं. त्या घराच्या बाथरूममधल्या जाळीखालच्या ट्रॅपचं पाणी इथल्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत सुकतं आणि ड्रेनेजमधली झुरळं, वास, डास सरळ वर येतात. किल्ली सेक्रेटरीकडे ठेवून महिन्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडंतेल ओतलं, की तेलाच्या थरामुळे पाणी लवकर सुकत नाही.

वाळवीचं औषध टोचायला लोक मे निवडतात. मला काळ्या मातीत तो महिना पटत नाही. भेगा पडलेल्या जमिनीत औषध भिंतीच्या कडेने सारखं पसरत नाही, मिळेल त्या भेगेतून निघून जातं, आणि एखादी भेग हौदापर्यंत जाते. ऐन पावसात टोचलं तर ते वाहून जातं. नोव्हेंबरमध्ये माती दमट असते पण चिंब नसते, तेव्हा ते काम करा. मात्र नजर जूनमध्ये ठेवायची: पहिल्या पावसानंतर सकाळी ट्यूबलाईटखाली पंखांचा सडा दिसला तर वारूळ जवळपास आहे. तळमजल्याच्या भिंतीवर, मीटरच्या डक्टमध्ये मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर एक नळी फोडून ठेवा; दोन-चार दिवसांत ती पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. हौदाच्या भिंतीलगत मात्र औषध टोचायचं नाही, कंत्राटदाराला ती जागा खडूने आखून द्या.

घुशी आणि उंदीर पावसाळ्यात बिळं भरली की केबलच्या डक्टने वर चढतात. डक्टची भोकं फोमने बुजवली तर ती कुरतडतात, लोखंडी जाळी आणि सिमेंटने बुजवा. विषाचे गोळे हौदाच्या आसपास ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर कुठे जाऊन मरेल ते आपल्या हातात नसतं.

थंडीतली उरलेली कामं

ऑक्टोबरअखेर हौदाची दुसरी धुलाई झाली की डिसेंबर-जानेवारी निवांत असतो. पण जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपेपर्यंत प्लंबर मोकळा सापडत नाही, तेव्हा डिसेंबरच बरा. बोअरचं पाणी वापरत असाल तर बॉलकॉक, मुख्य चाव्या, सोलरच्या नळ्या यांवर क्षार साचलेला असतो. प्रत्येक चावी महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडायची. वर्षभर न फिरवलेली चावी गळतीच्या दिवशी फिरत नाही, आणि जोर लावला की तिची दांडी हातात येते. जाम झालेल्या चाव्या याच महिन्यात बदलून घ्या, आणि कुठली चावी कुठल्या फ्लॅटची हे तिच्या शेजारी भिंतीवर ऑइलपेंटने लिहून टाका. रात्री दोनला पाईप फुटतो तेव्हा प्लंबरचा फोन लागत नाही, वॉचमनला मात्र भिंतीवरचं वाचता येतं.